कोणी बोलत नसताना येणारी शिट्टी: गूजनेक माइक, ऑटोमिक्स आणि सातवी खुर्ची

आधी तक्रार काय होती ते सांगतो, कारण अगदी अशीच तक्रार मी तीन-चार खोल्यांत ऐकली आहे आणि प्रत्येक ठिकाणी आधी चुकीच्या जागीच हात घातला गेला.

लांबट गोल टेबल, त्यावर १२ गूजनेक माइक. छतात सहा स्पीकर. सगळे माइक एका डीएसपीत, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या डिजिटल यंत्रात येतात. तिथे सगळ्या माइकचे आवाज आपोआप तोलून मिसळणारा, गेन शेअरिंगचा ऑटोमिक्सर आहे आणि मास्टरवर शिट्टीचा सूर शोधून कापणारा फीडबॅक सप्रेसर. मीटिंग सुरू होते तेव्हा सगळं छान असतं. साधारण अर्ध्या-पाऊण तासानं एक बारीक शिट्टी येते, थोडी रेंगाळते, कधी आपोआप जाते, कधी एकदम कोकलते. मग कोणीतरी धावत जाऊन मास्टर दोन-तीन डीबी खाली आणतं. शिट्टी थांबते, पण टेबलाच्या टोकाला बसलेल्यांना ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात मास्टर परत वर. असं चार महिने चाललं होतं. त्याच्या जोडीला आणखी एक तक्रार होती, जिच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं: माणूस माइकसमोर बसून बोलतो, तरी आवाज लांबून, हौदातून आल्यासारखा वाटतो.

मी पहिल्या दिवशी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. रिकाम्या खोलीत एकेका माइकवर बोलून पाहिलं. शिट्टी नाही. सप्रेसरची यादी उघडली, तर सहाही डायनॅमिक फिल्टर भरलेले, त्यातले तीन २.४ किलोहर्ट्झच्या आसपास दाटीवाटीनं बसलेले. मी ते पुसले, सप्रेसरची संवेदनशीलता एक पायरी वाढवली आणि घरी गेलो. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

दुसऱ्या खेपेला तिथल्या मामांनी चहाचे कप उचलता उचलता मला उत्तर देऊन टाकलं. ते म्हणाले, "दादा, तुम्ही बोलून बघताय, पण ते बोलताना वाजतच नाही. सगळे गप्प बसून कागद वाचायला लागले की वाजतं."

मी मीटिंगला कधीच बसलो नव्हतो, आणि मामा रोज तिथे उभे असतात.

गेन शेअरिंग नेमकं काय करतं

मामांचं वाक्य का महत्त्वाचं आहे ते कळायला गेन शेअरिंगचं एक सूत्र डोक्यात असायला हवं. ही पद्धत डॅन ड्यूगन यांची, १९७० च्या दशकातली. गेटवाल्या ऑटोमिक्सरमध्ये प्रत्येक माइक एकतर उघडा असतो नाहीतर बंद. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की दार उघडतं, आणि उघडेपर्यंत शब्दाचं पहिलं अक्षर कधी कधी गिळलं जातं. गेन शेअरिंगमध्ये दार नसतंच. एका माइकएवढा एकूण गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं प्रमाण, सगळ्यांमध्ये सतत वाटला जातो. ज्याची पातळी जास्त, त्याला मोठा वाटा.

```
G(i) = L(i) - L(sum)
```

इथे `G(i)` म्हणजे त्या माइकला मिळालेला गेन डीबीमध्ये, `L(i)` त्याची पातळी आणि `L(sum)` सगळ्या माइकची मिळून पातळी. एकटा माणूस बोलत असेल तर त्याची पातळी आणि बेरीज जवळपास सारखीच, म्हणून त्याला ० डीबी, म्हणजे पूर्ण गेन. दोघं सारख्याच जोरानं एकदम बोलले तर प्रत्येकाला −३. आणि कोणीच बोलत नसेल, प्रत्येक माइकवर फक्त खोलीची सारखी गुणगुण असेल, तर १२ माइकपैकी प्रत्येकाला साधारण −११. आठ माइक असतील तर −९, सोळा असतील तर −१२. हे आकडे मी नेहमी तोंडपाठ ठेवतो, का ते पुढे येईलच.

यातून फीडबॅकच्या दृष्टीनं मोठा फायदा होतो. साध्या मिक्सरवर उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधीचा गेन ३ डीबीनं घटतो. बारा माइक उघडे ठेवले तर एका माइकच्या तुलनेत जवळजवळ ११ डीबी गेले. गेन शेअरिंगमध्ये एकूण गेन एका माइकएवढाच राहतो, म्हणून प्रत्येक माइक एकटा, पूर्ण गेनवर, शिट्टी न मारता राहिला तर सगळे मिळूनही सहसा राहतात.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. ऑटोमिक्सर पातळ्यांची तुलना करतो. माणूस कोण, खुर्ची रिकामी की भरलेली, हे त्याला माहीत नसतं. माइकचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारे प्रीॲम्प सगळीकडे सारखे लावलेले आहेत असं धरूनच तो वाटणी करतो.

सातवा माइक

या खोलीत सातवी खुर्ची पाहुण्यांची. वर्षातून दोन-तीन वेळा कोणी बसतं, एरवी रिकामी. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की चार महिन्यांपूर्वी तिथे एक फार हळू बोलणारे गृहस्थ बसले होते. त्यांचा आवाज येईना म्हणून कोणीतरी सातव्या चॅनलचा प्रीॲम्प ९ डीबीनं चढवला. पाहुणे गेले, ९ डीबी तसेच राहिले.

आणि माझी चूकही सांगून टाकतो. पहिल्या दिवशी एकेक माइक तपासताना सातव्यासमोर मी बसलो नाही. तिथे कोणी बसत नाही म्हणून डोक्यावर फक्त टिचकी मारली, मीटर हलला, पुढे गेलो. टिचकीनंतर क्षणभर एक बारीक "टिंग" घुमलं होतं. ते मला ऐकू आलं होतं. माइकच्या धातूच्या मानेचं असेल असं समजून मी ते सोडून दिलं. तिथे बसून नीट दोन वाक्यं बोललो असतो तर पहिल्याच दिवशी काम संपलं असतं.

आता शांततेत काय होतं ते पाहू. अकरा माइकवर गुणगुण सारखी आहे, तिला आपण १ भाग म्हणू. सातव्यावर तीच गुणगुण ९ डीबीनं मोठी, म्हणजे शक्तीच्या हिशोबात सुमारे ८ भाग. बेरीज १९. सातव्याचा वाटा ८/१९, म्हणजे जवळजवळ −४ डीबी. बाकीच्यांना १/१९, म्हणजे सुमारे −१३. सगळे −११ वर असायला हवे होते, तिथे एका रिकाम्या खुर्चीनं वाटणीतला मोठा घास घेतला. पण खरी गंमत पुढे आहे. सातव्याला −४ मिळाले, ते आधीच ९ डीबी चढवलेल्या सिग्नलवर. म्हणजे मूळ जुळणीच्या तुलनेत तो ५ डीबी वर चालतोय. बोलणाऱ्या माणसाच्या माइकला जास्तीत जास्त ० मिळतो, आणि इथे कोणीही बोलत नसताना एक माइक +५ वर उघडा आहे.

हेच या बिघाडाचं मर्म: गेन शेअरिंगमध्ये प्रीॲम्पची चूक दोनदा मोजली जाते. एकदा सिग्नलच्या पातळीत, आणि दुसऱ्यांदा वाटणीत.

मग शिट्टी अर्ध्या तासानंच का? सातव्या खुर्चीच्या वर एसीची जाळी आहे. माणसं जमली, खोली तापली की पंखा वरच्या वेगावर जातो आणि त्या माइकवर वाऱ्याची घरघर इतरांपेक्षा ३ डीबीनं जास्त पडते. आता सातव्याचे भाग ८ ऐवजी १६, बेरीज २७. वाटा सुमारे −२, आणि ९ मिळवले की जवळपास +७. त्या माइकचं फीडबॅकपूर्वीचं मार्जिन मी नंतर प्रीॲम्प जागेवर आणून मोजलं तेव्हा ६ डीबी निघालं. पंखा हळू असताना +५, म्हणजे कड्यावर उभं. पंखा वाढला की +७, म्हणजे कड्यावरून खाली. शिवाय शिट्टी सुरू झाली की ती सातव्या माइकवरच सगळ्यात मोठी असते, म्हणून ऑटोमिक्सर उरलेला वाटाही त्यालाच देतो. त्यामुळे ती आधी रेंगाळायची आणि मग एकदम कोकलायची.

कोणी बोलायला लागलं की वाटा त्याच्याकडे सरकतो, सातवा खाली जातो, शिट्टी मरते. मामांचं निरीक्षण शब्दशः खरं होतं.

हौदातल्या आवाजाचंही कारण हेच. तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस आपल्या माइकपासून ४० सेंटीमीटरवर आणि सातव्यापासून अडीच मीटरवर आहे असं धरा. अंतरामुळे सातव्यावर त्याचा आवाज १६ डीबीनं कमी पोचतो. प्रीॲम्प सारखे असते तर सातव्याला वाटाही सुमारे −१६ मिळाला असता, म्हणजे मिक्समध्ये तो ३२ डीबी खाली, कोणाच्या कानाला लागणार नाही इतका. ९ डीबी चढवल्यावर तो १६ ऐवजी ७ डीबीच खाली राहतो, वाटा सुमारे −८ मिळतो, आणि मिक्समध्ये तिसऱ्या माइकच्या तुलनेत जेमतेम १४ डीबी खाली येतो. उशिरा पोचलेला, भिंतींवरून परतलेला आवाज इतक्या जोरात मिसळला की बोलणारा लांब गेल्यासारखा वाटणारच.

दोन मिनिटांची शांततेची चाचणी

अशा खोलीत आता मी सगळ्यात आधी ही चाचणी करतो. ऑटोमिक्स चालू ठेवा, एसी मीटिंगमध्ये असतो तितक्याच वेगावर ठेवा, सगळ्यांना गप्प करा आणि ऑटोमिक्सचे गेन मीटर पाहा. इनपुटचे मीटर पाहू नका, ऑटोमिक्स प्रत्येक चॅनलला किती गेन देतोय ते दाखवणारे पाहा. बारा माइक असतील तर सगळे −११ च्या आजूबाजूला हलत असले पाहिजेत. एक-दोन डीबीचा फरक चालतो. इथे मला अकरा माइक −१४ वर आणि सातवा −२ वर दिसला. तो चुकून उघडा राहिलाय असं वाटावं इतका ठळक.

मग उलट बाजूनं खात्री करायची. ऑटोमिक्स बायपास करा, एकच माइक चालू ठेवा, बाकी सगळे म्यूट. मास्टर नेहमीच्या जागेवरून एकेक डीबी वर न्या आणि शिट्टीची पहिली चाहूल कुठे लागते ते लिहा. ही चाहूल म्हणजे कोकलणं नव्हे. टाळी वाजवल्यावर मागे एक सूर लोंबकळत राहतो, ते. इतर माइक +८ ते +९ ला असा सूर धरत होते. सातवा मास्टर नेहमीच्या जागेवर येण्याच्या ३ डीबी आधीच ओरडला. कानात बोटं घालायला मोकळा हात ठेवून हे काम करा, किंवा स्पीकरचा ॲम्प्लिफायर मर्यादेत ठेवा.

दुरुस्ती कुठल्या क्रमानं केली

पहिलं काम प्रीॲम्प समान करण्याचं. सगळे माइक एकाच मॉडेलचे असतील तर आकडा सारखा ठेवला तरी बहुतेक काम होतं, पण मध्ये कधी एखादा बदललेला असतो आणि त्याची संवेदनशीलता वेगळी असते, म्हणून मी आकड्यावर विसंबत नाही. लहान स्पीकरवर पिंक नॉइज लावायचा, तो प्रत्येक माइकपासून ४० सेंटीमीटरवर, बोलणाऱ्याचं तोंड जिथे असेल तिथे धरायचा. माइकच्या जागी ६८ ते ७० डीबी आवाज येईल असं ठेवलं की साधारण बोलण्याएवढी पातळी मिळते. मग प्रत्येक चॅनल डीएसपीच्या इनपुट मीटरवर −२० ला आणायचा. स्पीकरचा आवाज मध्ये बदलायचा नाही, फक्त जागा बदलायची. बारा माइकना वीस मिनिटं लागतात. सातव्याखेरीज दहावाही २ डीबीनं कमी निघाला.

दुसरं, लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर. प्रत्येक चॅनलवर १२० हर्ट्झचा, ऑटोमिक्सच्या आधी आणि सगळीकडे एकसारखा. "आधी" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वाऱ्याची घरघर मिक्सनंतर कापली तर कानाला ऐकू येत नाही, पण वाटणी करताना ऑटोमिक्सरला ती दिसतच राहते आणि तो जाळीखालच्या माइकला झुकतं माप देत राहतो. काही डीएसपीत तुलनेच्या वाटेवर वेगळा फिल्टर असतो. तो असेल तर चालू आहे का ते पाहा.

एवढं केल्यावर शांततेची चाचणी पुन्हा घेतली. पंखा वरच्या वेगावर असूनही सातवा −१० आणि बाकीचे −११.

तिसरं, मानेची दिशा. हे हास्यास्पद वाटेल, पण झाडलोट करताना सगळ्या माइकच्या माना सरळ उभ्या केल्या जात होत्या. रांगेत सारख्या दिसतात म्हणून. भरलेल्या खुर्चीवरचा माणूस आल्या आल्या माइक आपल्याकडे वाकवतो. सातव्याला वाकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तो दिवसभर थेट छतातल्या स्पीकरकडे तोंड करून उभा. कार्डिऑइड माइकचा बहिरा भाग त्याच्या पाठीमागे असतो, आणि इथे पाठ टेबलाकडे होती. प्रीॲम्प जागेवर आणून मार्जिन मोजलं तेव्हा सरळ उभ्या मानेला ६ डीबी मिळालं. मान खुर्चीच्या पाठीकडे वाकवली तर ८. मामांना सांगितलं, पुसून झालं की वाकवून ठेवा. त्यांना कारणही सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांची रांग वाकलेल्या मानांची झाली.

मग सप्रेसर. डायनॅमिक फिल्टर सगळे मोकळे केले. चार महिने ते एका माइकच्या चुकीसाठी सगळ्यांच्या आवाजातला २.४ किलोहर्ट्झ कापत होते. तिथेच "श", "च", "ट" यांची धार असते. मास्टरवरचा फिल्टर एका माइकचा दोष बाराजणांकडून वसूल करतो, म्हणून तो शेवटचा उपाय. प्रत्येक माइक एकटा चालू ठेवून मास्टर चढवला, जो सूर दोन-तीन माइकवर सामाईक निघाला त्यालाच अरुंद, ३ डीबीचा नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारा फिल्टर दिला. असे तीनच सूर निघाले. चौथा-पाचवा नॉच टाकायची वेळ येते तेव्हा मी थांबतो. दोष बहुतेक वेळा स्पीकरच्या जागेत किंवा माइकच्या अंतरात असतो आणि फिल्टर फक्त आवाज पातळ करतो. डायनॅमिक फिल्टर तीनच शिल्लक ठेवले, काही मिनिटांत आपोआप सुटतील असे. ते भरलेले दिसू लागले तर ती धोक्याची घंटा समजायची.

स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर काही डीएसपी ४-५ हर्ट्झनं सूर सरकवण्याची सोय देतात. मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली युक्ती. प्रत्येक फेरीत सूर थोडा सरकतो म्हणून तोच सूर पुन्हा पुन्हा साचत नाही आणि काही डीबी मिळतात. बोलण्यासाठी चालते, संगीतासाठी नको. इथे गरज पडली नाही.

शेवटी मास्टर अशा जागी ठेवला की सगळ्यात नाजूक माइकलाही एकटा असताना ६ डीबी मार्जिन उरेल.

याच लक्षणाची इतर कारणं

प्रीॲम्प समान असूनही शांततेत एखादा माइक वर चढलेला दिसत असेल तर मी चॅनलवरचा एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय शोधतो. ऑटोमिक्सच्या आधी प्रत्येक चॅनलवर एजीसी लावण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. हळू बोलणाऱ्याला मदत व्हावी हा हेतू चांगलाच. पण रिकाम्या खुर्चीवर एजीसीला बोलणं सापडत नाही, म्हणून तो गुणगुणच वर ओढतो. म्हणजे एका माइकचे ९ डीबी हाताने चढवण्याऐवजी यंत्र सगळ्यांचे आपोआप चढवतं, आणि बोलणाऱ्याचा मात्र खाली दाबतं. तुलनेला काही अर्थच उरत नाही. एजीसी किंवा कॉम्प्रेसर हवाच असेल तर मिक्सनंतर, एकच.

दुसरं कारण म्यूट. काही खोल्यांत माइकच्या बटणावरून येणारा म्यूट ऑटोमिक्सच्या नंतर लावलेला असतो. म्यूट केलेला माणूस खोकला, कागद आपटले, की त्याचा माइक ऐकू येत नाही पण वाटा मात्र घेतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज क्षणभर बुडतो. इथे शिट्टी नसते, शब्द गळतात. म्यूट ऑटोमिक्सच्या आधी आणला की सुटतं.

दूरवरून कोणी कॉलवर येत असेल तर इको कॅन्सलर प्रत्येक माइकवर, ऑटोमिक्सच्या आधी हवा. मिक्सनंतर एकच लावला तर ऑटोमिक्स क्षणाक्षणाला गेन हलवतो आणि कॅन्सलरला शिकायला स्थिर वाटच मिळत नाही. लॅपटॉपचा आवाज ऑटोमिक्सच्या गटात तर घालूच नका.

मग हळू बोलणाऱ्याचं काय

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मूळ ९ डीबी त्यातूनच आले. आणि ते पाहुणे पुन्हा येणारच होते.

पहिला उपाय अंतर. माइक तोंडापासून ६० सेंटीमीटरवर असेल तर तो ३० वर आणला की ६ डीबी मिळतात. हे ६ डीबी फुकटचे आहेत, कारण स्पीकरपासून माइकचं अंतर जवळपास तेच राहतं. गूजनेकची मान त्यासाठीच लवचिक असते. लहान मानेचा माइक असेल तर त्या एका जागी लांब मानेचा घ्या.

दुसरा उपाय फेडर, ऑटोमिक्सच्या नंतरचा. त्यानं वाटणी बिघडत नाही, रिकामी खुर्ची गेन खात नाही. पण मार्जिन मात्र खातो. सातव्याला ८ डीबी होतं, त्यातले ३ फेडरला दिले तर ५ उरतात. त्यापुढे जायचं नाही असं मी ठरवलं. ९ तर शक्यच नव्हते, प्रीॲम्पवर द्या की फेडरवर.

तिसरा उपाय छतातल्या स्पीकरचे झोन वेगळे असतील तरच. सातव्या खुर्चीवरच्या स्पीकरमध्ये सातवा माइक ६ डीबी कमी पाठवला. तिथे बसलेल्याला आपलाच आवाज छतातून ऐकायची गरज नाही, आणि त्या माइकच्या सगळ्यात जवळचा स्पीकर शांत झाला की मार्जिन वाढतं. किती वाढतं ते खोलीवर अवलंबून. इथे ३ डीबी वाढलं.

"वेट" नावाच्या नॉबबद्दल एक शब्द, कारण लोक त्यालाच आवाज वाढवायचं बटण समजतात. वेट फक्त तुलनेत माइकचं पारडं जड करतो, सिग्नल वाढवत नाही. सातव्याला प्रीॲम्पऐवजी वेटवर ९ डीबी दिले असते तर शांततेत वाटा तोच, −४, मिळाला असता, पण सिग्नल चढवलेला नसल्यानं शिट्टी आली नसती, नुसता खोलीचा आवाज थोडा भरला असता. आणि पाहुण्यांचा आवाज काडीचाही वाढला नसता, कारण ते एकटे बोलत असताना वाटा ० च्या वर जातच नाही. वेट वापरायचा तो जाळीखालच्या माइकला दोन-तीन डीबी खाली आणायला, किंवा अध्यक्षांच्या माइकला दोन-तीन डीबी प्राधान्य द्यायला.

पाहुणे महिन्याभरानं आले. मामांनी आधीच मान खाली वाकवून ठेवली होती, इतकी की त्यांच्या हनुवटीला लागेल असं वाटत होतं. मी रॅकपाशी उभा होतो. मध्येच सगळे कागद चाळत बसले, पंखा वरच्या वेगावर गेला, आणि मीटरवर बाराच्या बारा पट्ट्या −११ च्या आसपास थरथरत राहिल्या. मामांनी दारातून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.